हात वर केले, म्हणजे नेमके काय केले?

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशी सहकाऱ्याला इंग्रजीत ईमेल लिहिताना आपल्या म्हणी आणि वाक्प्रचार शब्दशः भाषांतरित होऊन जातात, तेव्हा हसे होते, असे आपण समजतो. ‘माझे डोके खाऊ नकोस’ याचे ‘डोन्ट ईट माय हेड’ केले, तर समोरचा क्षणभर गोंधळतो, गमतीने विचारतो आणि विषय तिथेच मिटतो. त्यात फारसे नुकसान नाही, कारण वाक्य निरर्थक आहे हे त्याला वाचताक्षणी कळते. खरी अडचण येते ती भाषांतर इंग्रजीतही व्यवस्थित अर्थ देते, मात्र तो अर्थ भलताच असतो तेव्हा. अशा वेळी कोणी काही विचारत नाही, कारण विचारण्यासारखे काही आहे असे कोणालाच वाटत नाही.

माझ्याकडून घडलेला प्रसंग सांगतो. आमच्या एका पुरवठादाराने मालाची पहिली खेप कशीबशी पोहोचवली आणि दुसऱ्या खेपेच्या वेळी ‘आता जमणार नाही’ असे सांगून मोकळा झाला. परदेशातील सहकाऱ्याला कळवताना मी घाईत एकच ओळ लिहिली: ‘द सप्लायर हॅज रेज्ड हिज हँड्स ऑन द सेकंड लॉट.’ त्याने हात वर केले, एवढेच मला म्हणायचे होते. सहकाऱ्याचे उत्तर तत्परतेने आले: छान, मग त्याला सोमवारपासून सुरुवात करायला सांगा. हे वाचून मला वाटले की तो दुसऱ्या कोणाकडून तरी काम सुरू करून घेण्याविषयी बोलतो आहे. दोघेही सभ्यपणे लिहीत होतो, दोघांनाही आपले म्हणणे पोहोचल्याची खात्री होती आणि दोन दिवस कोणीच नवा पुरवठादार शोधला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ‘माल निघाला का?’ असे विचारले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

इंग्रजीत हात वर करणारा माणूस वर्गातल्या विद्यार्थ्यासारखा असतो; त्याला काही विचारायचे असते किंवा ‘मी करतो’ असे म्हणून तो पुढे येत असतो. दोन्ही हात वर केले तर ती शरणागती. मराठीत मात्र हात वर करणे म्हणजे ऐन वेळी जबाबदारी नाकारणे. म्हणजे कृती तीच, पण निष्कर्ष नेमका उलटा. गंमत अशी, की ही चूक सुधारताना एका सहकाऱ्याने मला ‘हात झटकले’ असे लिहायला सुचवले. ‘शुक हिज हँड्स’ असे लिहिले असते, तर वाचणाऱ्याला हस्तांदोलन आठवले असते आणि करार पक्का झाल्याचा समज झाला असता. (हाताने आपल्याला भलतेच छळले आहे.)

हात धुण्याचेही तसेच आहे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात पिलात हा रोमन अधिकारी जमावासमोर पाण्याने हात धुतो आणि येशूच्या मृत्यूचा दोष आपल्यावर नाही असे जाहीर करतो. इंग्रजीत एखाद्या गोष्टीतून हात धुणे म्हणजे तिच्याशी संबंध तोडणे, हा अर्थ त्या प्रसंगाशी जोडलेला आहे. आपण मात्र हात धुऊन एखाद्याच्या मागे लागतो, म्हणजे त्याचा पिच्छा सोडत नाही. आणि वाहत्या गंगेत हात धुतो, म्हणजे आयती संधी साधतो. ‘आमची टीम हात धुऊन त्या त्रुटीच्या मागे लागली आहे’ हे वाक्य अर्धवट इंग्रजीत गेले, तर टीमने त्या त्रुटीवर पाणी सोडले, असेच समोरचा धरून चालेल. आणि ‘पाणी सोडले’ हेही इंग्रजीत नेऊ नये, हे ओघाने आलेच.

म्हणींमध्ये धोका जरा वेगळा असतो. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण दोष माणसाचा आहे असे सांगते, पण तिचा केवळ शेवट इंग्रजीत गेला तर तक्रार अंगणाची ठरते, आणि सहकारी मुकाट्याने यंत्रणेतली त्रुटी शोधत बसतो. नक्राश्रूंसारखी काही रूपके मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आहेत, ती निर्धास्त वापरावीत.

माझ्यापुरता मी एक उपाय धरला आहे. वाक्य पाठवण्यापूर्वी त्यातील चित्र बाजूला करून, कोणी, काय केले आणि आता पुढे कोणी काय करायचे, एवढेच लिहितो. त्या ओळीऐवजी मी आज असे लिहीन: ‘द सप्लायर हॅज रिफ्यूज्ड द सेकंड लॉट. वी नीड अनदर सप्लायर.’ चित्र गेल्याने वाक्य रुक्ष होते, हे मान्य आहे. शिवाय महत्त्वाच्या बाबतीत सहकाऱ्याला ‘समजले का?’ असे विचारत नाही, कारण उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘आता तुम्ही पहिले पाऊल कोणते उचलणार?’ असे विचारतो. त्या दिवशी हा प्रश्न विचारला असता, तर ‘सोमवारी मालाची वाट पाहणार’ असे उत्तर आले असते आणि माझी चूक मला त्याच ईमेलमध्ये सापडली असती.