गच्चीवरची टाकी: प्लास्टिक, काँक्रीट की स्टील?

(घणसोली गावठाण, सकाळ. अरुंद गल्ली, बांधकाम चालू असलेलं दोन मजली घर.)

हे आमच्या काकांचं घर. तळमजला आणि वर एक मजला, माणसं सहा. वरचा स्लॅब अजून पडलेला नाही, सळया बांधून झाल्यात, आणि घरात टाकीवरून तीन दिवस वाद चाललाय. काका म्हणतात काँक्रीटचीच बांधू, जुन्या घराला तीच होती, तीस वर्षं चालली. त्यांच्या मुलाला स्टीलची पाहिजे, चकचकीत, आणि शेवाळं होत नाही म्हणे. गवंडी म्हणतो प्लास्टिकची ठेवा आणि मोकळे व्हा. मला वाटतं तिघंही टाकीकडे बघतायत, आणि खरी गोष्ट टाकीच्या खाली आहे.

आधी पाणी किती ते बघू. माणशी दिवसाला 135 लिटर हा घरगुती वापराचा नेहमीचा हिशोब, म्हणजे सहा जणांचे 810. आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळेतच येतं, कधी शटडाऊन असतो, म्हणून दोन दिवसांचं धरून साधारण 1500 लिटर वर पाहिजे. म्हणजे दीड टन पाणी.

आता हे दीड टन कुठे बसणार? घराच्या गच्चीचा स्लॅब डिझाईन करताना माणसं फिरतील, कपडे वाळत घालतील म्हणून चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास भार धरतात. आणि टाकीत सव्वा मीटर उंच पाणी असलं की त्याच एका चौरस मीटरवर 1250 किलो येतात, म्हणजे आठपटीहून जास्त, टाकी कशाचीही असो. म्हणून टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवायचीच नाही, ती बीमवर, कॉलमच्या जवळ पाहिजे, आणि हे स्लॅब पडायच्या आधी आरसीसी इंजिनिअरला सांगायला पाहिजे, नंतर सांगून काय उपयोग.

(कागदावर पेन्सिलीने काढलेली चौकोनी टाकी.)

काकांसाठी मी कागदावर हिशोब मांडला. 1500 लिटरची काँक्रीटची टाकी, आतून सव्वा मीटर लांब, एक मीटर वीस रुंद, पाणी एक मीटर उंच आणि वर थोडी मोकळी जागा. भिंती सहा इंचाच्या, खाली तेवढाच तळ, वर झाकणाचा स्लॅब. एवढ्याचं काँक्रीट होतं दीड घनमीटरच्या वर, म्हणजे वजन चार टन! पाणी दीड टन आणि ते धरून ठेवायला चार टन. काका दोन मिनिटं कागदाकडे बघत बसले.

काँक्रीट वाईट नाही हं. भिंत जाड म्हणून मे महिन्यात दुपारी नळाला पाणी त्यातल्या त्यात थंड येतं, आणि पाहिजे त्या आकाराची बांधता येते. पण ती बांधायची तर नीट बांधावी लागते, आणि चूक होते ती पाइपाच्या जागी. सेंट्रिंग करताना पाइप आत धरायचा विसरतात, मग टाकी झाल्यावर छिन्नीने भोक पाडून पाइप घालतात आणि सिमेंटने लिंपतात, तिथूनच पाणी पाझरतं. बाहेरून ओळखायचं कसं, तर पाइपाच्या खाली पांढरे ओघळ दिसतात, तो काँक्रीटमधला चुना बाहेर येतोय. पांढऱ्याच्या जागी तांबडा ओघळ दिसला की समजायचं पाणी सळईपर्यंत पोचलंय. काकांच्या जुन्या टाकीला शेवटची काही वर्षं हेच होतं, दर उन्हाळ्यात आतून कोटिंग मारायचे आणि पावसाळ्यानंतर परत ओल.

स्टीलचं सांगतो. बाजारात बहुतेक टाक्या 304 नावाच्या स्टीलच्या असतात. ते गंजत नाही असं आपण धरून चालतो, पण इथून ठाण्याची खाडी जवळ आहे, खारं वारं रोज लागतं, आणि खारटपणा म्हणजे क्लोराईड, तेच या स्टीलचं दुखणं आहे. आधी वेल्डिंगच्या रेषेवर आणि बुडाशी तपकिरी डाग येतात, ते वेळेत पुसले नाहीत तर बारीक खड्डे पडतात. 316 जातीचं स्टील खाऱ्या हवेत जास्त टिकतं, पण महाग. अजून एक, टाकी धुताना काही लोक ब्लीचिंग पावडर सुकीच आत टाकतात, ती तळाशी बसते आणि बरोबर तिथेच भोक पाडते, म्हणून पावडर आधी बादलीत विरघळवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि फक्त वरचं पाणी घ्यायचं. आणि शेवाळाचं म्हणाल तर ते उजेड आत गेला की होतं. झाकण घट्ट बसणारी आणि आतून काळा थर असलेली प्लास्टिकची टाकीही तेवढीच अंधारी असते.

स्टीलची टाकी चार पायांवर उभी राहते, आणि तेच मला इथे नको वाटतं, सगळा भार चार ठिपक्यांवर येतो आणि पायाखाली पत्रा नसला तर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवर पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, तिथेच चिरडतो, मग गळती खालच्या बेडरूममध्ये.

मग प्लास्टिक. 750 लिटरची टाकी रिकामी वीसेक किलोची, दोन माणसं जिन्याने वर नेतात, या गल्लीत क्रेन येणं शक्यच नाही. पण प्लास्टिकला बूड पूर्ण टेकलेलं लागतं. आमच्याच गल्लीत एकाने विटांच्या दोन भिंती उभ्या करून त्यावर कडप्पे टाकले, मध्ये चार बोटं फट, टाकी वर. टाकी भरली की बूड फटीत खाली येतं, रिकामी झाली की वर जातं, रोज हेच. दोन वर्षांनी आउटलेटजवळ पांढरट रेषा दिसायला लागल्या आणि एका सकाळी टाकी तडकली. दोष कंपनीला दिला सगळ्यांनी, चूक कडप्प्यांची होती. बरं, रिकामी टाकी वाऱ्याने हलते हेही खरंय, मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या इथे दोन टाक्या गच्चीवरून घरंगळत गेल्या.

(स्लॅब झाल्यानंतरची एक संध्याकाळ. जिन्याच्या वरची खोली.)

काकांकडे शेवटी ठरलं ते असं. जिन्याचे चार कॉलम तसेही गच्चीच्या वर जाणार होते, त्यावर जो स्लॅब येतो तो इंजिनिअरकडून टाकीसाठी जाड आणि जास्त सळईचा करून घेतला, आणि वर सपाट घोटून 750च्या दोन प्लास्टिकच्या टाक्या, बीमला लागून. दोन अशासाठी की एक धुताना दुसरी चालू राहते.

उंचीचा फायदा वेगळाच. गच्चीवरच टाकी टेकवली असती तर वरच्या बाथरूमच्या शॉवरपासून टाकीचं बूड जेमतेम एक मीटर वर राहिलं असतं, म्हणजे शॉवरला नुसती धार. आता ते साडेतीन मीटर आहे. दहा मीटरला एक बार दाब, या हिशोबाने 0.35 बार, साध्या शॉवरला पुरे. मुलाला शॉवरचं ते गरम-थंड पाण्याचं मोठं मिक्सर पाहिजे होतं, त्याला बहुतेक अर्धा बार तरी लागतो, म्हणून त्याला सांगितलं की त्या एका लाइनला छोटा पंप लाव, त्यासाठी टाकी अजून वर चढवू नकोस.

काकांची काँक्रीटची टाकीही होतेय, जमिनीखाली अंगणात, पालिकेचं पाणी आधी तिच्यात येईल. तिथे चार टनांचा त्रास कुणालाच नाही.

प्लंबर आज आउटलेट जोडतोय. टाकीला लागून आधी लवचिक तुकडा, मग कडक पाइप, म्हणजे टाकी फुगली तरी जोडावर ताण येत नाही. ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांची जाळी. दोन्ही टाक्यांना पट्टा टाकून स्लॅबमध्ये आधीच सोडलेल्या हुकांना आवळलंय. आता मोटर चालू करून काठोकाठ भरायच्या, रात्रभर तशाच ठेवायच्या, आणि सकाळी काका स्वतः बुडाच्या कडेने कोरडा हात फिरवून बघणार आहेत.