बागेला किती पाहुणे झेपतात?

(पुण्यात फळबागायतदार आणि भाजीपाला उत्पादकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, कृषी पर्यटनाचा विषय निघाला की शेतकरी कुटुंबात पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे खोल्या किती बांधायच्या. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. पहिला प्रश्न असा, की आपल्या बागेला, आपल्या चुलीला आणि आपल्या विहिरीला एका दिवसात किती माणसे झेपतात. हा आकडा आमच्या घरी कसा ठरला, तेवढेच मी आज सविस्तर सांगणार आहे.

आमची बाग सासवडच्या बाजूला आहे. एकूण जमीन अडीच एकर. त्यातील पाऊण एकरावर अंजीर आहे, पाच बाय पाच मीटरवर लावलेली १२० झाडे. एका एकरावर सीताफळ आहे आणि उरलेल्यात घर, गोठा आणि घरापुरता भाजीपाला. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे पुण्याची माणसे हल्ली नाव घेऊनच अंजीर मागतात. आम्ही निम्म्या झाडांवर खट्टा बहार धरतो, ज्याची फळे साधारण डिसेंबर-जानेवारीत येतात, आणि निम्म्या झाडांवर मीठा बहार, ज्याची तोडणी मार्चपासून सुरू होते. म्हणजे एका वेळी फळांवर असलेली झाडे साठच असतात. बाहेरून पाहणाऱ्याला बाग १२० झाडांची दिसते, पण पाहुण्यांचा हिशेब साठावरच करावा लागतो.

या साठांतील दोन ओळी, म्हणजे २० झाडे, आम्ही पाहुण्यांसाठी राखतो. हंगाम भरात असताना एका झाडावर एका सकाळी साधारण अर्धा किलो किंवा त्याहून थोडे अधिक तोडण्याजोगे फळ असते, म्हणजे वीस झाडांचे दहा-बारा किलो. माणशी अर्धा किलो फळ घरी न्यायचे असे ठरवले, की वीस माणसांतच ते संपते. येथे पुष्कळांना वाटते, की शनिवारची तोड न करता फळ रविवारपर्यंत झाडावर ठेवले तर दुप्पट माणसे घेता येतील. अंजिराच्या बाबतीत हे चालत नाही. पिकलेले अंजीर एक दिवस जास्त राहिले की उकलते, त्यावर माश्या आणि गांधीलमाश्या बसतात आणि पक्षी तर आपल्या आधी पोचलेले असतात. उलट कच्चे तोडले तर ते घरी जाऊन पिकत नाही. सीताफळाचे तसे नाही. त्याचे डोळे उघडले, म्हणजे डोळ्यांमधील खाचा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या, की तोडलेले फळ दोन-चार दिवसांत घरी पिकते. त्यामुळे सीताफळाच्या हंगामात संख्येला थोडी सैल जागा मिळते, अंजिराच्या हंगामात ती मुळीच मिळत नाही. ज्यांची बाग पेरू, चिकू किंवा डाळिंबाची आहे त्यांनी आपल्या फळाचा हा स्वभाव आधी पाहावा आणि मगच किती माणसांना बोलवायचे ते ठरवावे.

आता प्रत्यक्ष तोडणीकडे येऊ. शहरातला माणूस अंजिराला हात घालतो तेव्हा तो फळाला धरून खाली ओढतो. देठ तुटतो, साल फाटते आणि फळ कच्चे असेल तर देठातून पांढरा चीक वाहतो. हा चीक अंगाला लागून वर ऊन पडले तर कातडी लाल होते, आग होते आणि लहान मुलांना तर कधी फोडही येतात. म्हणून आमच्याकडे तोडणी सकाळी नऊच्या आत संपते, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून येण्यास आदल्या दिवशीच सांगितलेले असते आणि बागेच्या तोंडाशी साबण व पाण्याची बादली असते. माझी वहिनी प्रत्येक गटाला पहिले फळ स्वतः तोडून दाखवते. हिरवटपणा जाऊन जांभळट छटा आलेली, मान मऊ पडून फळ खाली झुकलेले, अशी खूण ती बोट ठेवून दाखवते, मग देठ चिमटीत धरून हलकेच पिळते आणि फळ देठासकट हातात येते. चीक आला तर फळ कच्चे होते, हे मुले एकदा पाहिले की विसरत नाहीत. ही दहा मिनिटे वाचवायला गेलो, त्या दिवशी झाडाखाली कच्च्या फळांचा सडा पडला.

मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो फवारणीच्या विषयाला, कारण पाहुण्यांच्या नियोजनात तो बहुधा कोणी धरतच नाही. बाजारात जाणारे फळ आणि झाडाखाली उभे राहून न धुता तोंडात टाकलेले फळ यांत मोठा फरक आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची तो प्रतीक्षा कालावधी छापलेला असतो. तो काटेकोरपणे पाळायचा असेल, तर बुकिंगची वही आणि फवारणीची वही शेजारी ठेवूनच फोन घ्यावा लागतो. एका जानेवारीत तीन-चार दिवस ढगाळ हवा राहिली आणि पानांच्या पाठीवर तांबेऱ्याचे ठिपके दिसू लागले. रविवारी अठरा माणसे येणार होती. धाकटा भाऊ म्हणाला, पाहुण्यांच्या दोन ओळी सोडून बाकीच्या फवारू. पण तांबेरा ओळ पाहून पसरत नाही. त्या दोन ओळी सोडल्या असत्या तर रोग तेथे टिकून पुन्हा सगळ्या बागेत आला असता. आम्ही पूर्ण बाग फवारली आणि अठराही जणांना फोन करून खरे कारण सांगितले, की या आठवड्यात फळ तोडता येणार नाही, जेवायला यायचे असेल तर कमी दरात या, नाहीतर पैसे परत देतो. अकरा जण आले. त्या दिवशी हाती फारसे काही राहिले नाही, पण तेव्हापासून पैसे घेतानाच आम्ही ही अट सांगतो आणि एकाही माणसाने तिला हरकत घेतलेली नाही.

आता पैशाचा हिशेब. आमचा दर प्रौढ माणसाला ९०० रुपये आहे. त्यात सकाळची न्याहारी, दुपारचे पिठले-भाकरीचे जेवण, चहा आणि अर्धा किलो फळ येते. वीस माणसांचे १८,००० रुपये होतात. शिधा माणशी २२० प्रमाणे ४,४००, बारा किलो अंजीर बाजारभावाने ८० रुपये किलो धरून ९६०, मदतीला येणाऱ्या तिघींचा रोज १,५००, गॅस, पाणी व साफसफाई १,२०० आणि वाया गेलेल्या फळांचे ४००, असा ८,४६० रुपये खर्च येतो. उरतात ९,५४०. पण घरातील पाच माणसे त्या दिवसासाठी आणि आदल्या तयारीसाठी मिळून सात रोज राबतात, त्यांचे ३,५०० आपण धरत नाही आणि मग फायदा फुगलेला दिसतो. ते वजा करून ६,०४० रुपये राहतात. दोन्ही बहार आणि सीताफळ मिळून अठरा रविवार मिळतात, त्यातले दोन पावसात किंवा फवारणीत जातात. सोळा रविवारांचे सुमारे ९६,६०० रुपये. दोन संडास, हात धुण्याची जागा आणि पत्र्याची ओसरी यांना आम्हाला साडेतीन लाख लागले, म्हणजे ते चौथ्या वर्षात फिटतात.

याच हिशेबात आता दोन नव्या खोल्या घालून पाहा. संडास-बाथरूमसह दोन खोल्यांना नऊ लाख धरू. मुक्कामी माणसे येतात ती शनिवारी, मधल्या वारी खोली रिकामी असते. सोळा शनिवार, दोन खोल्या, खोलीला ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९६,००० रुपये. त्यातून रात्रीचे जेवण, चादरींची धुणी, गरम पाणी आणि रात्री जागे राहणारे माणूस यांत निम्मे जातात. हाती राहतात ४८,००० आणि नऊ लाखांचे नऊ टक्क्यांनी व्याजच ८१,००० होते. म्हणजे खोल्या भरल्या तरी व्याज सुटत नाही. मुक्कामी माणसाला पाणीही दिवसाच्या पाहुण्यापेक्षा दुपटीहून अधिक लागते आणि आमच्या पठारावर एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो, तेव्हा ते पाणी बागेच्या तोंडचे काढूनच द्यावे लागते. ज्यांच्या वाड्यात एखादी खोली आधीच रिकामी आहे त्यांनी ती नीट करून एका कुटुंबाला जरूर द्यावी. नवे बांधकाम मात्र दोन-तीन हंगामांच्या नोंदी हातात आल्यावरच काढावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी वेगळी करावी लागते. सातबाऱ्यावर भावकीची सामाईक नावे असतील तर सर्वांची लेखी संमती पहिल्याच दिवशी घ्यावी, कारण पैसे दिसू लागल्यावर ती मिळणे अवघड होते. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा आणि पिण्याच्या पाण्याची तपासणी हंगामाआधी करून घ्यावी.

तारखा ठरवताना आपल्या भागाचे पंचांगही पाहावे लागते. माऊलींची पालखी दिवे घाटातून सासवडला मुक्कामी येते, त्या दिवसांत पुण्याची गाडी आमच्यापर्यंत वेळेत पोचत नाही आणि आमच्या घरचेही सगळे वारकऱ्यांच्या सेवेत असतात. सोमवती अमावस्येला जेजुरीचा रस्ता भरलेला असतो. हे दिवस आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत खोडून ठेवतो.

पाहुणे साधारण चार वाजता निघतात. त्यानंतर आम्ही दोघे भाऊ पाटी घेऊन त्या दोन ओळींत जातो आणि झाडाखाली पडलेले कच्चे, फाटलेले फळ गोळा करून काट्यावर ठेवतो. पहिल्या वर्षी तीस माणसे घेतली होती, तेव्हा ते चौदा किलो भरले होते आणि पाच फांद्या मोडल्या होत्या. वीस माणसांवर आल्यापासून ते पाच किलोच्या आसपास असते. सात किलोच्या वर गेले, की पुढच्या रविवारी आम्ही सोळाच माणसे घेतो आणि वहिनी दोन गट करून दोनदा फळ तोडून दाखवते.