७० चिन्हांचा मेसेज: मराठी एसएमएस इतक्या लवकर का तुटतो

मंडळी, शाळा, बँका, पतसंस्था पालकांना किंवा खातेदारांना एकगठ्ठा एसएमएस पाठवतात, तेव्हा बिल मेसेजवर नाही, सेगमेंटवर, म्हणजे मेसेजच्या तुकड्यांवर लागतं. १६० चिन्हांचा इंग्रजी मजकूर एका सेगमेंटमध्ये जातो. तेवढ्याच चिन्हांचा देवनागरी मजकूर तीन सेगमेंट घेतो. हे असं का होतं, ते आज नीट उलगडून पाहू.

एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट असतात. ही मर्यादा सगळ्या भाषांना सारखीच. फरक पडतो तो एका चिन्हाला किती बिट लागतात यात. जीएसएम या मोबाइल यंत्रणेच्या मूळ चिन्ह-तक्त्यात १२८ जागा आहेत, त्यामुळे प्रत्येक चिन्हाला ७ बिट पुरतात आणि १६० चिन्हं बसतात. त्या तक्त्यात रोमन अक्षरं आहेत, आकडे आहेत, काही ग्रीक अक्षरंसुद्धा आहेत. देवनागरी नाही. देवनागरीसारखं तक्त्याबाहेरचं चिन्ह आलं की फोन यूसीएस-२ या पद्धतीकडे वळतो. तिथे प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणून ७० चिन्हं.

आणि हे संपूर्ण मेसेजला लागू होतं. मराठी मजकुरातली मोकळी जागा, पूर्णविराम, आकडे, सगळं १६ बिटांचं होतं. उलटही तितकंच खरं. १५० चिन्हांच्या इंग्रजी मेसेजमध्ये कुणी रुपयाचं ₹ हे चिन्ह टाकलं, तर तेवढ्या एका चिन्हापायी अख्खा मेसेज तीन सेगमेंटचा होतो, कारण पौंड, डॉलर, येन त्या मूळ तक्त्यात आहेत, आपला रुपया नाही.

आता एक मेसेज मोजून पाहू.

«उद्या शाळेला सुट्टी आहे. परवा नेहमीच्या वेळेवर शाळा भरेल.»

वाचताना यात आपल्याला २५ अक्षरं दिसतात. फोन मात्र स्वर, व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतो. ‘च्या’ हे आपल्यासाठी एक अक्षर, त्याच्यासाठी च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं. त्या २५ अक्षरांची ४७ चिन्हं होतात. आठ मोकळ्या जागा आणि दोन पूर्णविराम धरून ५७. म्हणजे हा मेसेज एका सेगमेंटमध्ये बसला.

मुख्याध्यापकांनी शेवटी «कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.» एवढंच जोडलं, की बेरीज ८५ वर जाते आणि दोन सेगमेंट होतात. शिवाय मेसेज तुटला की प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ६ बाइट राखून ठेवावे लागतात. हा कोणत्या मेसेजचा तुकडा, एकूण तुकडे किती, त्यातला हा कितवा, ही माहिती त्यात असते. म्हणून तुकड्यात ७० नाही, ६७ चिन्हं मावतात. इंग्रजीत १६० चे १५३ होतात.

आपल्या मेसेजमधलं सदुसष्टावं चिन्ह कोणतं, तर ‘सर्वांनी’मधला र चा हलन्त. तुकडा बरोबर जोडाक्षराच्या मधोमध पडतो. फोनने तुकडे जोडले तर काहीच कळत नाही. जोडले नाहीत तर पहिला मेसेज ‘सर्’वर संपतो आणि दुसरा ‘वांनी’ने सुरू होतो. मात्रेच्या आधी तुटला, तर दुसऱ्या मेसेजच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली एकटी मात्रा दिसते. असं दिसलं की मजकूर चुकलेला नाही, जोडणी फसली आहे, हे ओळखावं.

मला सगळ्यात लागतं ते पुढचं. यूसीएस-२ ज्या क्रमांकांवर चालतं त्या युनिकोडच्या यादीत ‘म’चा क्रमांक `092E`, ‘श’चा `0936`. देवनागरीचा पट्टा `0900` ते `097F`, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट `09`. फोन हाच बाइट चिन्हागणिक पुन्हा पुन्हा पाठवतो. आणि या पट्ट्यात जागा किती, तर १२८! सात बिटांत मावतील अगदी तेवढ्याच. तेव्हा दोष आपल्या लिपीच्या माथी मारू नये. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात हे खरं, पण जागा निम्म्याहून कमी होते ती तक्त्यामुळे.

यावर तोड निघालेली आहे. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या 23.038 या मानकात आधी तुर्कीसारख्या भाषांसाठी आणि नंतर हिंदी, गुजराती, तमिळ वगैरे भारतीय भाषांसाठी ७ बिटांचे पर्यायी तक्ते आले. त्यात ‘हा तक्ता वापरा’ एवढं सांगायला ४ बाइट जातात आणि एका मेसेजमध्ये १५५ चिन्हं बसू शकतात. अडचण घेणाऱ्याच्या फोनची. त्याला तो तक्ता ठाऊक नसेल तर तो मजकूर मूळ तक्त्याने वाचतो आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक काला उमटतो. समोर कोणता फोन आहे हे पाठवणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो यूसीएस-२ च निवडतो.

तोवर हाती उरते ती मोजणी. ‘दुसऱ्या’ हा शब्द नुक्त्याच्या ऱ ने लिहिला तर सात चिन्हं होतात. साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून लिहिला तर आठ. दिसायला दोन्ही सारखेच. तेव्हा मजकूर डोळ्यांनी मोजू नका, पाठवण्याआधी मोजणी दाखवणाऱ्या चौकटीत टाका आणि आकडा ७० च्या आत आहे का ते बघा.