चौदा गुण आणि एक मिनिट वीस सेकंद

(फोंडा तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा खो-खो स्पर्धेत कुमारी गटाचं विजेतेपद मिळवणाऱ्या संघाच्या आणि प्रशिक्षकांच्या सत्काराच्या वेळी देवळाच्या अग्रशाळेत झालेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून संपादित केलं आहे.)

मंडळी, शाली-श्रीफळं देऊन झाली, हारही झाले. सर, तुमचं आणि या बारा जणींचं अभिनंदन. आता थोडा वेळ अंतिम सामन्याच्या गुणपत्रिकेबद्दल बोलतो. तिची प्रत माझ्या हातात आहे. १४ विरुद्ध १३, म्हणजे एक गुण आणि १ मिनिट २० सेकंद राखून विजय, एवढं वर्तमानपत्रात आलं. पण हा सामना कुठे फिरला ते त्या एका ओळीत नाही. ते या कागदावरच्या वेळांमध्ये आहे.

त्याआधी एक खुलासा करतो, कारण आल्यापासून दोघा-तिघांनी विचारलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मग आमच्या चेडवांचे चौदाच गुण कसे? तिथला खेळ वेगळ्या नियमांचा. मैदानात सात खेळाडू, एक गडी बाद केला की दोन गुण, शिवाय पळणाऱ्यांनी ठरावीक वेळ काढली की त्यांनाही गुण. जिल्ह्याला आपण खेळतो तो जुना खेळ. नऊ जणी मैदानात, एक गडी एक गुण, नऊ मिनिटांची पाळी, प्रत्येक संघाला दोन आक्रमणं आणि दोन संरक्षणं. त्यात चौदा गुण कमी नाहीत.

आता कागद बघू. पहिल्यांदा संरक्षण आपलं होतं. संरक्षणाला तिघी-तिघींच्या तुकड्या उतरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपली पहिली तुकडी १ मिनिट ५५ सेकंदांत संपली. दुसरी ३ मिनिटं २५ सेकंद टिकली. तिसरीतल्या दोघी बाद झाल्या आणि वेळ संपली. समोरच्यांचे आठ गुण. बाहेर बसलेले लोक तेव्हा म्हणत होते, आमच्या सगळ्यांत वेगवान पोरी पहिल्या तुकडीत होत्या, त्याच कशा लवकर गेल्या?

वेगवान होत्या म्हणूनच गेल्या. तुकडीतल्या तिघींपैकी एका वेळी एकीनेच खेळायचं असतं. बाकीच्या दोघींनी लांब, अंगावर पाठलाग येणार नाही अशा जागी श्वास धरून उभं राहायचं. त्या दिवशी तिघीही पळत होत्या. एकीच्या मागे लागलेली आक्रमक खो देऊन खाली बसते, उठलेली नवी आक्रमक हवी ती दिशा घेऊ शकते, आणि तिच्या चार पावलांवर तुमची दुसरी पोर उभी असते. कागदावर पहिले दोन गडी २० सेकंदांच्या आत बाद झालेले दिसतात. अशा जवळजवळच्या नोंदी दिसल्या की समजावं, तुकडी एका अंगाला गोळा झाली होती. दमून बाद होणाऱ्या तुकडीत गडी बाद होण्याच्या वेळा लांब लांब असतात.

मध्यंतराला आपण ८-७ असे मागे होतो. सरांनी दुसऱ्या डावासाठी तुकड्यांचा क्रम बदलला. डाव सुरू होण्याआधी गुणलेखकाकडे नावं नव्या क्रमाने देता येतात, पुढे त्या डावात तोच क्रम चालतो. पहिल्या तुकडीत त्यांनी दोन साखळी खेळणाऱ्या आणि एक रिंगण खेळणारी, म्हणजे बसलेल्यांभोवती गोल फिरत पळणारी, अशा तिघी घातल्या. वेगवान पोरी वेगवेगळ्या तुकड्यांत वाटून टाकल्या.

साखळी म्हणजे काय, हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळा सामना तिच्यावर फिरला. मधल्या पट्ट्यावर आठ जणी बसलेल्या, एकीआड एक उलट्या तोंडाच्या. आक्रमकाला मधला पट्टा ओलांडता येत नाही, आणि खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही. पळणारीला दोन्ही गोष्टी करता येतात. म्हणून साखळी खेळणारी आक्रमकाच्या समोरच्या बाजूला राहते, आणि खो मिळून तिच्या बाजूला तोंड करून बसलेली उठली, की दोन बसलेल्यांमधल्या फटीतून पलीकडे जाते. परत खो, परत इकडे. फार वेग लागत नाही, लय लागते.

यात चूक एकच आणि ती सगळ्या नवख्या पोरी करतात. नजर आक्रमकाच्या हातावर असते. हुशार आक्रमक हात बसलेलीच्या पाठीपर्यंत नेते आणि खो देतच नाही. आपली पोर हुलकावणीला फसून पट्टा ओलांडते आणि थेट तिच्या पुढ्यात येऊन पडते. सरांनी दोन महिने घोकून घेतलेलं वाक्य मैदानाबाहेरही ऐकू येत होतं, "हाताकडे नको, गुडघ्याकडे बघ!" गुडघा बसलेलीचा. ती चवड्यांवर बसलेली असते, हात जमिनीला टेकलेले. खरा खो मिळाला की आधी तिची टाच आणि गुडघा हलतो, हुलकावणीत ती तशीच राहते. आक्रमकाचा हात खोटं बोलू शकतो, बसलेलीच्या गुडघ्याला ते जमत नाही.

दुसऱ्या डावात सहा नंबरच्या मुलीने एकटीने दोन मिनिटांच्या वर साखळी ओढली. खांबाजवळ पोचण्याच्या दोन चौकोन आधी ती दर वेळी सुटून मागे यायची. शेवटचा चौकोन आणि खांब यांच्यामध्ये साखळी चालत नाही. खांबाच्या पलीकडच्या मुक्त क्षेत्रात आक्रमकाला दिशेचं बंधन राहत नाही, आणि खांबाला धरून सूर मारणारी पोर असली की तिचा हात कुठे पोचेल, याचा अंदाजच चुकतो. ती दमली तेव्हा रिंगण खेळणारीने लांबच्या टोकाला पाठलाग आपल्यावर घेतला. ही तुकडी ४ मिनिटं १० सेकंद टिकली. दुसऱ्या तुकडीतल्या दोघीच बाद झाल्या. पाच गुण. पहिल्या डावात आठ, दुसऱ्यात पाच. माझ्या मते सामना इथेच आपला झाला, पुढचा आरडाओरडा त्यानंतरचा.

तुकडी बदलतानाचा एक बारकावाही बघण्यासारखा होता. तिसरा गडी बाद झाला की आक्रमकाने दोन खो देण्याआधी पुढच्या तिघी आत हव्यात, नाहीतर बाहेर राहिलेली बाद. आणि तिसरा गडी ज्या आक्रमकाने टिपला, तिला नव्या तुकडीच्या मागे लगेच लागता येत नाही, आधी खो द्यावा लागतो. आपल्या पोरींनी ते पहिले दोन-तीन सेकंद पळण्यात घालवले नाहीत. तिघी तीन वेगळ्या ठिकाणांकडे चालत गेल्या. चालत! पालक ओरडत होते "धाव गो, धाव", आणि त्या बरोबर करत होत्या.

आता आक्रमण. पहिल्या आक्रमणात आपण सातवा गडी ८ मिनिटं ५० सेकंदांना टिपला. दुसऱ्यात सातवा गडी ७ मिनिटं ४० सेकंदांना आला आणि तिथेच सामना संपला. गडी तेवढेच, वेळ ७० सेकंदांनी कमी. पंचांच्या शिट्ट्या मोजल्या तर पहिल्या आक्रमणात आपले अकरा फाऊल, दुसऱ्यात तीन. फाऊल झाला की आक्रमकाला उलट दिशेने जावं लागतं, आणि समोरची पोर तेवढ्यात दोन चौकोन लांब जाऊन श्वास घेते. एका फाऊलला आठ-नऊ सेकंद सहज जातात. आठ फाऊल वाचले, ७० सेकंद मिळाली. सगळा हिशेब इतका सरळ नसतो, समोरच्या पोरीही दमल्या होत्या. पण मोठा वाटा याचाच.

अकरापैकी बहुतेक फाऊल उशिरा दिलेल्या खोचे होते. आक्रमक जोरात येते, बसलेलीला मागून हात लावायला जाते, पण पाय चौकोनाच्या आडव्या पट्टीपुढे निघून गेलेला असतो आणि हात मागे ताणलेला. पंच शिट्टी वाजवणारच. उपाय वेग कमी करण्याचा नाही. शेवटची दोन पावलं आखूड टाकायची, कमरेत वाकायचं, आणि हाताचा स्पर्श व "खो" हा शब्द एकाच क्षणी यायला हवा. सरांनी यासाठी घेतलेला सराव साधा होता. चौकोनाच्या पट्टीवर ओली माती पसरायची. आक्रमकाने खो दिल्यावर तिच्या पायाचा ठसा कुठे उमटला ते तिनेच वाकून बघायचं. "तुझा पाय पुढे गेला" असं शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते ठसा एकदा दाखवतो.

राज्य स्पर्धेला जाताना दोन कामं आहेत. पहिलं, तिथे मॅट असण्याची शक्यता मोठी. मातीवर मारलेला सूर अंग घासत थांबतो, मॅटवर अंग कधी जास्त घसरतं, कधी चिकटून कातडी जाते. खांबावर सूर मारणाऱ्या तिघींना आधी किमान तीन-चार वेळा तरी मॅटवर नेलं पाहिजे. जवळच्या इनडोअर स्टेडियमची वेळ आजच मागून ठेवा, स्पर्धेच्या आठवड्यात ती मिळत नाही.

दुसरं काम आपल्या मैदानाचं. तांबड्या मातीत चिऱ्याची खडी वर आली आहे, पोरींची कोपरं बघा. वरची दोन बोटं माती उकरून चाळणीने चाळा, सरावाच्या आदल्या संध्याकाळी पाणी मारा आणि सकाळी रोलर फिरवा. सकाळी पाणी मारून लगेच खेळलात तर घसरण होईल. आणि रेषा मारायला जो कोणी चुना आणणार आहे त्याने कळीचा चुना आणू नये. घामाने ओल्या कातडीला तो भाजतो, आणि सूर मारणाऱ्या पोरीच्या डोळ्यात गेला तर सरळ इस्पितळ. खडूची पावडर घ्या, थोडी महाग पडेल. तिचे पैसे आज या ताटात जमले आहेत, मघाशी खजिनदारांनी मोजले.