दुसऱ्याचं कोटेशन कुठवर दाखवावं

(पुण्यात लघुउद्योजक आणि पर्चेस खात्यातल्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भोसरीत किंवा चाकणला जॉब करून देणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याला विचारा, पर्चेसवाल्याचं ठरलेलं वाक्य कोणतं? तो म्हणेल, "आमच्याकडे याच्यापेक्षा कमी रेट आलाय." या वाक्याला माझा विरोध नाही. तीन कोटेशनं मागवायची, त्यांच्या जोरावर भाव खाली आणायचा, हे पर्चेसचं कामच आहे. पण हेच वाक्य प्रामाणिकपणेही बोलता येतं आणि फसवणूक म्हणूनही. दोन्हींतला फरक कुठे पडतो ते आज एका साध्या पिनच्या हिशोबातून दाखवतो.

ईएन-8 ची पिन आहे. तयार व्यास 25 मिलिमीटर, लांबी 120. टर्निंग, इंडक्शन हार्डनिंग, मग ग्राइंडिंग. तीन कोटेशनं आली. भोसरीच्या पार्टीनं 94 रुपये लावले: हार्डनिंगसकट, माल आमच्या दारात, पेमेंट 45 दिवसांनी. चाकणच्या पार्टीचे 88, हार्डनिंगसकट, तेही 45 दिवसांनी. फक्त माल त्यांच्या दारातून आपण उचलायचा. तिसरी पार्टी साताऱ्याची, 81 रुपये. आकडे सोपे जावेत म्हणून मी थोडे गोल केलेत.

आता बरेच जण काय करतात? 81 चा आकडा घेऊन भोसरीला फोन लावतात. "94 कसले लावता, माझ्याकडे 81 आहे." यात खोटा शब्द एकही नाही, कोटेशन खरोखर टेबलावर आहे. पण ते नीट वाचा. साताऱ्यानं हार्डनिंग धरलेलंच नाही, ते बाहेरून करून घ्यायचे 9 रुपये. गाडीभाडं नगामागे 2 रुपये. पेमेंट 30 दिवसांत हवं, म्हणजे पंधरा दिवस आधी; वर्षाला 12 टक्के व्याज धरलं तर 40 पैसे. बेरीज 92 रुपये 40 पैसे. चाकणच्या 88 मध्ये भाड्याचे दीड रुपया घाला, झाले 89 रुपये 50 पैसे. म्हणजे भोसरीवाला खरोखर महाग आहे, पण साडेचार रुपयांनी. तुम्ही त्याला तेरा रुपयांची भीती घातलीत.

माझ्या मते खोटं कोटेशन रचण्यापेक्षा हा प्रकार जास्त घातक आहे. रचलेलं कोटेशन बनवणाऱ्याला आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. इथे माणूस घरी जाऊन शांत झोपतो, कारण आकडा खरा होता. समोरच्याला मात्र तुमच्या हातातला कागद दिसत नाही, तो तुमच्या शब्दावर आपला नफा कापायला बसलेला असतो. म्हणून कंपॅरेटिव्ह आधी एका पातळीवर आणायचा, त्यानंतरच फोन उचलायचा.

फोनवर काय बोलायचं? "सारख्या अटींवर तुम्ही साधारण पाच टक्के वर आहात. याच रेटला राहिलात तर मी ऑर्डर दुसरीकडे देईन." यातलं दुसरं वाक्य खरं असलं पाहिजे. चाकणवाल्याच्या मशीन तुम्ही पाहिल्या नसतील, त्याचं सॅम्पल पास झालेलं नसेल, तर तुम्ही त्याला ऑर्डर देणार नाही आहात. मग त्याच्या नावानं धाक घालू नका.

भोसरीवाला विचारणारच, "साहेब, कोणाचा रेट आहे? जरा पत्र दाखवा ना." नाव सांगायचं नाही, पत्र तर नाहीच. तो आकडा चाकणवाल्यानं तुमच्यापुरता दिलेला आहे. पण भोसरीवाल्याला मदत करायला हरकत नाही. त्याच्याकडून ब्रेकअप मागवा. या पिनच्या ब्रेकअपमध्ये कच्चा माल 30 मिलिमीटर व्यासाचा बार दिसला, कारण त्याच्याकडे तोच पडून होता. कापणीसकट 125 मिलिमीटर लांबी धरली तर नगाला सुमारे 695 ग्रॅम माल लागतो. 28 चा बार घेतला तर 605 ग्रॅम. नव्वद ग्रॅमचा फरक. 70 रुपये किलोनं 6 रुपये 30 पैसे. चिप्सचं भंगार 30 रुपये किलोनं जातं, त्याचे 2 रुपये 70 पैसे वजा करा. निव्वळ 3 रुपये 60 पैसे, शिवाय कटिंगचा वेळ वाचला तो वेगळा. त्यानं बार बदलला आणि 90 वर आला. त्याच्या नफ्यातला पैसाही गेला नाही. खऱ्या तुलनेनं त्याला सांगितलं की पाणी कुठे मुरतंय.

इथे एक बारीक रेघ आहे. बार केवढा घेतलाय हे मी भोसरीवाल्याच्याच कागदावरून विचारलं. पण समजा चाकणवाल्यानं स्वतः डोकं चालवून दोन ऑपरेशन एका सेटिंगमध्ये बसवणारं फिक्श्चर सुचवलं असतं, आणि मी ते भोसरीला सांगितलं असतं, तर ती सरळ चोरी झाली असती. कोटेशन फुकट मिळतं म्हणून त्यामागची अक्कल फुकट होत नाही. म्हणूनच ज्याला ऑर्डर द्यायचीच नाही त्याच्याकडून फक्त आकड्यासाठी कोटेशन काढून घेणंही मला मान्य नाही. बजेटसाठीच रेट हवा असेल तर इन्क्वायरीत तसं लिहा. तो ठरवील किती वेळ घालायचा ते.

आता दाब देऊन 82 ला कबूल करून घेतलेल्या पिनचं काय होतं ते बघा. वर्कशॉपवाला तोट्यात माल देत नाही, तो कुठूनतरी भरून काढतो. ड्रॉइंगवर हार्डनिंगची खोली दीड मिलिमीटर मागितलेली असते. कॉइलखालून जॉब भराभर काढला की ती पाऊण मिलिमीटरच मिळते. वरून हार्डनेस मोजला तर 55 एचआरसी व्यवस्थित येतो, माल पास होतो. खरी गोष्ट दिसते ती पिन आडवी कापून, पॉलिश करून, नायटल हे आम्लाचं द्रावण लावल्यावर. कडेला कठीण थराची गडद कडी उठते, ती किती रुंद आहे ते मोजायचं. रेट अचानक दहा टक्क्यांहून जास्त उतरला की पहिल्या लॉटची एक पिन कापून बघाच.

पेमेंटच्या मुदतीबद्दलही थोडं बोलतो. "दुसरा 90 दिवस देतोय" असं सांगून मुदत वाढवून घेतात. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करारानंसुद्धा 45 दिवसांपुढे जाता येत नाही. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. कायद्यात न बसणारी अट दुसऱ्यानं कबूल केली म्हणून ती तुमच्या हातातलं हत्यार होत नाही.

आणि फायलीसाठी लागणारी तीन कोटेशनं एकाच व्हेंडरला आणायला सांगणं: याला वाटाघाट म्हणूच नका. सरकारी टेंडरमध्ये संगनमतानं असं केलं तर 2002 च्या स्पर्धा कायद्याखाली कारवाई होते. खासगी कंपनीत त्यात मालकाची फसवणूक होते. तीनही पत्रांत मटेरियलच्या स्पेलिंगची एकच चूक दिसली की समजायचं.

त्या पिनची ऑर्डर शेवटी भोसरीला गेली, 90 रुपयांनी. चाकणपेक्षा पन्नास पैसे जास्त. रेट सुधारायची एकच फेरी होईल, हे दोघांनाही इन्क्वायरीतच कळवलं होतं. चाकणनं आपला रेट कायम ठेवला. त्यांना त्याच दिवशी फोन करून कारण सांगितलं: तुम्ही भावात हरला नाहीत, भोसरीकडे हार्डनिंग स्वतःच्या छपराखाली आहे आणि दर लॉटला कापलेल्या पिनचा रिपोर्ट मिळतो, तुमच्याकडे ते काम बाहेर जातं. त्यांनी विचारलं, आम्ही बाहेरच्या हार्डनिंगवाल्याकडून तसाच रिपोर्ट दिला तर पुढच्या इन्क्वायरीत चालेल का? चालेल म्हणालो, आणि पुढच्या शाफ्टच्या इन्क्वायरीत रिपोर्टची अट सगळ्यांसाठी लिहून टाकली.