झील का उठली नाही

श्रोतेहो, यंदा माघात मला एक पत्र आलं. सिन्नरकडचा 23 वर्षांचा मुलगा. ‘ती. बुवांना शिरसाष्टांग नमस्कार’ असा मायना, आणि पुढचं अख्खं पान कोणते राग झाले, कुठे बक्षीस मिळालं याचं. शिष्य करून घ्या म्हणणारी बहुतेक पत्रं अशीच असतात. मी घडी घालणार होतो, तेवढ्यात मागची बाजू दिसली.

तिथे लिहिलं होतं: ‘पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर त्र्यंबकला चाललो होतो. मला चाल म्हणायला पुढे केलं. मी सुंदर ते ध्यान घेतलं. मागून झील उठेना, माझी ओळ मागचे कुणी उचलून म्हणेना. टाळ चालू, माणसं गप्प. माझं काय चुकलं ते कळत नाही.’

मी त्याला पंचवटीत बोलावलं आणि म्हटलं, तिथे गायलास तसंच गा. आवाज सुरेख. पण ‘उभे विटेवरी’ला त्याने लांब तान घेतली, श्वास घेतला आणि मग ‘कर कटावरी’ म्हटलं. झील तिथेच तुटली होती.

तुम्हीही बोटांवर मोजून पाहा. सुंदर ते ध्यान, सहा अक्षरं. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. मोठ्या अभंगाचं माप हेच, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत: विटेवरी, कटावरी. मागच्या माणसाच्या हातात वही नसते. ‘विटेवरी’ कानावर पडलं की ‘कटावरी’ त्याच्या ओठांवर आपोआप येतं. मध्ये तान आली की ते यमक त्याच्या कानातून निसटतं, आणि आता आपण उचलायचं की बुवांचं अजून चाललंय, हे त्याला समजत नाही. बिचारा टाळ वाजवत राहतो.

मुलगा म्हणाला, “बुवा, मग तान घ्यायचीच नाही का?”

घ्यायची. आधी ओळ सरळ द्यायची, झील दोनदा भरून येऊ द्यायची. मग ‘ठेवोनिया’ला जागा आहे. चरण आखूड, ओळ तिथे संपते, माणसं थांबायला तयार असतात. तिथे फिरायचं, पण समेवर परत यायचं. आलास की नाही हे तुझा कान सांगणार नाही, मागचे सांगतील. तू गप्प बसल्यावर त्यांनी एकदम ओळ उचलली तर आलास. दोघं-तिघं चाचपडत उठले तर चुकलास.

त्याला मी लेखी उत्तर दिलं, कारण त्यानेही लिहूनच विचारलं होतं: ‘चि. यास अनेक आशीर्वाद. दर एकादशीला ये. वर्षभर टाळ घेऊन मागच्या ओळीत उभा राहा, चाल म्हणू नकोस. दुसऱ्याने दिलेली ओळ कुठे उचलता येते आणि कुठे अडते, ते घरी जाऊन वहीत लिही. ती वही मला दाखव.’

आजवर सात एकादश्या झाल्या. वही माझ्याकडे आहे. परवाच्या पानावर लिहिलंय: ‘आज बुवांनी स्वतः तिसऱ्या चरणाआधी श्वास घेतला, मी अडलो.’ बरोबर आहे, घेतला होता.