पाच काळ्या, दोन पांढऱ्या : भूप आणि यमन

[दृश्य : संध्याकाळ, वाड्यातली खोली, पेटीच्या पट्ट्यांचा क्लोजअप]

बाईंची बोटं बघा. सा आज काळी तीनचा धरलाय, मुद्दामच. त्यांचा स्वतःचा सूर हा नाही. पण काळी तीनला सा मानलं की रे काळी चार, ग काळी पाच, मग प वरची काळी एक आणि ध काळी दोन. पाचही सूर काळ्या पट्ट्यांवर, एकाही पांढरीला हात लावायची गरज नाही. हा भूप. क्लासमधला सगळ्यात छोटा मुलगाही दोन मिनिटांत वाजवतो, आणि तिथेच गडबड सुरू होते, कारण त्याला वाटतं सूर पाच आहेत तर भूप, सात आहेत तर यमन, संपलं.

[दृश्य : दोन पांढऱ्या पट्ट्यांवर खडूची खूण]

यमनला अजून दोनच पट्ट्या लागतात, खडूने खूण केलेल्या. पांढरी एक म्हणजे तीव्र म, आणि पांढरी चार म्हणजे नि. त्या कुठे बसल्यात ते नीट बघा. तीव्र म प च्या अगदी खाली चिकटून, नि सा च्या अगदी खाली चिकटून. दोघंही दाराशी येऊन थांबल्यासारखे, आत पाऊल टाकणार एवढ्यात. भूपात असं चिकटून बसलेलं कोणीच नाही, प्रत्येक सुराला शेजारी मोकळी जागा आहे. यमनमधली ओढ आणि भूपातली स्वस्थता मला तरी इथूनच येताना ऐकू येते.

[दृश्य : तानपुरा जुळवताना, मग विद्यार्थिनीचा चेहरा]

आता ही मुलगी यमन सुरू करतेय. तानपुरा सा सा म्हणतोय आणि ती सा वर उभीच राहत नाही, खालच्या नि वर थांबते. नि रे ग. सा ला वळसा घालून थेट ग वर. पुढे चढतानाही तेच, म ध नि, आता प ला वळसा. ग म प गायला मनाई नाही, पण घराचे दोन पक्के खांब सोडून चाललं की यमन लगेच दिसायला लागतो. उतरताना नि ध प, म ग रे, मधेच प वरून सरळ रे वर मींड, आणि शेवटी नि रे सा, तेव्हा कुठे ती घरी येते.

(इथे दहा सेकंद निवेदन नाही.)

[दृश्य : तीच मुलगी, आता भूप]

भूपात तिने सा नीट लावला. मग सा ध सा रे ग, ध खालचा. प ग. ध प ग रे सा. वादी दोन्हीकडे ग च आहे, वेळही तीच, रात्रीचा पहिला प्रहर, त्यामुळे ग लांबवला म्हणून काही कळत नाही, त्या ग पर्यंत ती कुठून आली हे ऐकायचं. यमनमध्ये नि वरून आली, इथे ध आणि सा वरून.

[दृश्य : बाई हात वर करून थांबवतात]

बाईंनी का थांबवलं? सां वरून ध वर येताना मींडेत नि जरासा ऐकू आला म्हणून. पेटीवर ही चूक होतच नाही, पट्टी सोडली की मधले सूर गायब. गळ्यात मात्र सां आणि ध च्या मधली, प आणि ग च्या मधली जागा मोठी आहे, मींड तिथून जाते आणि वाटेत नि नाहीतर तीव्र म दिसतो. तसा दिसू दिला तर तो शुद्धकल्याण, चढताना भूप आणि उतरताना यमनची सावली. म्हणून भूपात त्या जागेवरून न रेंगाळता जायचं. पाचच सूर, पण सांभाळायला भूप सोपा नाही, असं माझं ठाम मत आहे, लहान मुलांना पहिला देतात म्हणून तो सोपा समजला जातो एवढंच. आणि हेच पाच सूर ध वर जोर देऊन सकाळी गायले तर देसकार, म्हणजे मोजणी तिथेही फसते. (परीक्षेत राग ओळखायला सांगतात तेव्हा ह्यावरच मार्क जातात.)

[दृश्य : पेटी बंद होते, भाता बांधला जातो]

बाईंनी पेटी बाजूला ठेवलीये. आता नुसता तानपुरा. मुलीने डोळे मिटलेत, राग कोणता ते आम्ही सांगणार नाही, पहिला सूर ती सा वर ठेवते की त्याच्या खाली ते ऐका.

[निवेदन बंद. आलाप पूर्ण चालू.]